टेस्टर पेटला नाही म्हणजे वायरमध्ये करंट नाही, असं समजायचं का?

सॉकेटमध्ये टेस्टर घालायचा, दिवा लागला नाही की 'लाईन बंद आहे' म्हणायचं आणि वायरला हात लावायचा. बहुतेक घरांमध्ये वीज तपासण्याची हीच पद्धत असते. अनेकदा ती खपूनही जाते, कारण लाईन खरोखरच बंद असते.

पण टेस्टरचा दिवा न लागण्याची इतरही बरीच कारणं असू शकतात. आणि दिवा लागला तरी त्याचा अर्थ आपल्याला वाटतो तोच असेल असं नाही. कधी सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो, पण पंखा फिरत नाही. कधी एमसीबी पाडल्यावरही एका वायरवर टेस्टर लागतो. असं का होतं, टेस्टर धरायची योग्य पद्धत कोणती, आणि वायरजवळ धरला की 'बीप' करणारा नवा पेन टेस्टर यापेक्षा भरवशाचा असतो का, ते समजून घेऊया.

टेस्टरच्या आत काय असतं?

साध्या टेस्टरमध्ये पुढे स्टीलचं पातं असतं, त्याच्यामागे एक रेझिस्टर, मग निऑन वायू भरलेला छोटा काचेचा दिवा, एक स्प्रिंग आणि शेवटी धातूची टोपी किंवा क्लिप. टोपीला बोट लावलं की वीज पात्यातून रेझिस्टरमध्ये, तिथून दिव्यात, मग तुमच्या बोटात आणि शरीरातून जमिनीकडे जाते. म्हणजे टेस्टरच्या सर्किटची दुसरी वायर तुम्ही स्वतः असता.

तरीही शॉक बसत नाही, याचं श्रेय त्या रेझिस्टरला जातं. तो साधारण दहा लाख ओहमचा असतो. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा येतो. त्यातले ६० व्होल्टच्या आसपास दिव्यावर खर्च होतात आणि उरलेल्या व्होल्टेजमुळे रेझिस्टरमधून जेमतेम ०.१७ मिलीअँपिअर करंट वाहतो. माणसाला करंट जाणवायला साधारण अर्धा मिलीअँपिअर लागतो. त्यामुळे दिवा पेटतो, पण आपल्याला काही कळत नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, तुमच्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये फक्त तो एक रेझिस्टर असतो. टेस्टर पाण्यात पडला असेल, हँडलला तडा गेला असेल किंवा स्क्रू पिळून पिळून तो खिळखिळा झाला असेल, तर तो फेकून द्यावा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. टेस्टर व्होल्टेज मोजत नाही. वायर आणि तुमचं शरीर यांच्यात दिवा पेटण्याइतका, म्हणजे साधारण ६० ते ९० व्होल्टचा फरक आहे की नाही, एवढंच तो सांगतो. ती वायर फेजची आहे का, तिच्यावर पंखा चालेल का, न्यूट्रल धड आहे का, यातलं काहीही त्याला कळत नाही.

टेस्टर वापरायची योग्य पद्धत

टेस्टरने तपासणी एकदा नाही, तीनदा करायची असते.

१. आधी जिथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी टेस्टर लावून बघा. उदाहरणार्थ, ज्या सॉकेटवर आत्ता मोबाईल चार्ज होतोय, त्याच्या शेजारचं सॉकेट स्विच चालू करून तपासा. समोरून पाहिलं तर तीन पिनच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं असायला हवं. उजवीकडे टेस्टर स्वच्छ पेटला, तर टेस्टर चांगला आहे.

२. मग जिथे काम करायचं आहे तिथे तपासा. फक्त फेज नाही, तिन्ही छिद्रं किंवा बोर्डातली प्रत्येक वायर तपासा. हे का, ते पुढे येईलच.

३. शेवटी पुन्हा पहिल्या ठिकाणी जाऊन टेस्टर पेटतोय ना, याची खात्री करा. मधल्या दोन मिनिटांत दिवा उडाला असेल किंवा स्प्रिंगचा संपर्क सुटला असेल, तर तो इथेच पकडला जातो.

धरताना बोटं प्लास्टिकच्या हँडलवर आणि एक बोट टोपीवर ठेवा. पात्याच्या उघड्या भागाला बोट लागलं, तर मध्ये रेझिस्टर राहत नाही आणि थेट शॉक बसतो. दुसरा हात भिंतीला, नळाला किंवा फ्रीजच्या बॉडीला टेकवू नका. हातमोजे घालून टोपीला बोट लावलं तर सर्किट पूर्ण होत नाही, त्यामुळे वीज असूनही दिवा अंधाराच राहू शकतो.

वीज असूनही टेस्टर का पेटत नाही?

सगळ्यात नेहमीचं कारण आपल्या पायाखाली असतं. पंख्याचं किंवा ट्यूबलाईटचं काम करताना माणूस प्लास्टिकच्या किंवा कोरड्या लाकडी स्टुलावर चढतो, पायात रबरी चप्पल असते. शॉक बसू नये म्हणून हे चांगलंच आहे. पण टेस्टरच्या करंटलाही जमिनीकडे जायला नीट वाट मिळत नाही.

तरीही दिवा पूर्ण विझत नाही, कारण एसी करंटला थोडी चोरवाट असते. स्टुलावर उभा असलेला माणूस आणि जमीन यांची मिळून एका छोट्या कपॅसिटरसारखी जोडी तयार होते. त्यातून काही मायक्रोअँपिअर, म्हणजे नेहमीच्या करंटच्या साधारण विसाव्या भागाइतका करंट जातो. त्यावर निऑन अगदी मिणमिणता पेटतो. खिडकीतून भरदुपारचं ऊन येत असेल, तर तो मिणमिणता केशरी ठिपका दिसतच नाही. मग 'टेस्टर लागत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि हात वायरवर जातो. म्हणून टेस्टर बघताना दुसऱ्या तळहाताने दिव्यावर आडोसा करा, पण तो हात पात्यापासून दूर ठेवा.

दुसरं कारण सॉकेटमध्ये असतं. मुलांच्या सुरक्षेसाठी आता बऱ्याच सॉकेटमध्ये आतून शटर असतं. अर्थिंगची लांब पिन आत गेल्याशिवाय ते उघडत नाही. अशा सॉकेटमध्ये टेस्टरचं पातं शटरवरच अडतं, आतल्या धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. इथे दिवा न लागण्याचा विजेशी काहीच संबंध नसतो.

दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो, पण लाईट नाही

आता त्या कोड्याकडे येऊ, ज्यात टेस्टर सगळ्यात जास्त फसवतो. समजा, घरातला फ्रीज, पंखे आणि दिवे अचानक बंद पडले. शेजाऱ्यांकडे लाईट आहे. हॉलमधल्या सॉकेटच्या उजव्या छिद्रात टेस्टर पेटला. म्हणजे फेज आहे. डाव्या छिद्रातही तितकाच लख्ख पेटला. घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, "अहो, दोन्हीकडे फेज येतोय!"

खरं तर दुसरा फेज कुठून आलेला नाही. न्यूट्रल तुटला आहे.

न्यूट्रल वायर सबस्टेशनच्या बाजूला जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे ती शाबूत असताना तिच्यात आणि तुमच्यात फारसा फरक नसतो आणि टेस्टर पेटत नाही. घराच्या डीबीमध्ये, म्हणजे जिथे एमसीबी असतात त्या डब्यात, एक पितळी पट्टी असते. तिला न्यूट्रल लिंक म्हणतात. घरातल्या सगळ्या न्यूट्रल वायर तिथे येतात आणि मीटरकडून येणारी मुख्य न्यूट्रल वायरही तिथेच कसलेली असते. त्या मुख्य वायरचा स्क्रू ढिला झाला, वायर तापून जळाली आणि सुटली, तर संपूर्ण घराची न्यूट्रल लिंक अधांतरी राहते.

आता घरात फ्रीजचा स्विच चालूच आहे. फेज फ्रीजमध्ये शिरतो, त्याच्या मोटरमधून पलीकडे न्यूट्रल वायरवर येतो आणि न्यूट्रल लिंकपर्यंत पोहोचतो. पुढे वाट नाही. करंट वाहत नाही म्हणून फ्रीज चालत नाही, पण व्होल्टेज तिथे येऊन थांबतं. आणि लिंक सगळ्यांची एकच असल्यामुळे घरातल्या प्रत्येक सॉकेटच्या न्यूट्रलवर ते पसरतं. पाईपचं पुढचं तोंड बंद असलं की पाणी वाहत नाही, पण पूर्ण पाईपमध्ये दाब तेवढाच राहतो, तसंच हे.

खरा धोका यापुढे आहे. घरातलं कोणी हॉलचा एमसीबी पाडतं आणि हॉलच्या बोर्डात टेस्टर लावतं. फेजच्या छिद्रात अंधार. 'बंद झालं' म्हणून बोर्ड उघडला जातो. पण घरातले बहुतेक छोटे एमसीबी एकपदरी असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. फ्रीज स्वयंपाकघराच्या एमसीबीवर आहे आणि तो चालू आहे. त्यामुळे हॉलचा फेज बंद असला, तरी हॉलच्या न्यूट्रलवर फ्रीजमार्गे आलेलं व्होल्टेज तसंच आहे. त्या काळ्या वायरला हात लागला, तर फ्रीजच्या मोटरचा अडथळा शरीराच्या तुलनेत इतका कमी असतो की जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टचा शॉक बसू शकतो. ज्या वायरला 'न्यूट्रल आहे, काही होत नाही' म्हणून कोणी घाबरत नाही, तीच वायर इथे घात करते. प्रत्येक वायर तपासा असं वर म्हटलं, ते याचसाठी.

न्यूट्रलच तुटलाय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. घरातले सगळे स्विच बंद करा आणि सगळे प्लग काढा. इन्व्हर्टर, फ्रीज, गीझर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स काही विसरू नका. मग सॉकेटचा स्विच चालू करून पुन्हा टेस्टर लावा. डाव्या छिद्रातला दिवा विझला किंवा अगदी मंद झाला आणि उजव्या छिद्रात तसाच राहिला, तर फेज उपकरणांमधूनच न्यूट्रलवर येत होता, हे सिद्ध झालं. एक बल्ब चालू केला की डावीकडचा दिवा पुन्हा लख्ख होईल.

एवढं कळल्यावर आपलं काम संपतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. त्याला फक्त 'लाईट गेली' असं न सांगता 'न्यूट्रलवर टेस्टर लागतोय, प्लग काढले की विझतो' असं सांगा. तो थेट न्यूट्रल लिंककडे आणि मीटरकडे जाईल.

न्यूट्रल घरात न तुटता इमारतीच्या मीटर रूममध्ये किंवा खांबावर तुटला, तर प्रकरण आणखी गंभीर होतं. तीन फेजवर विभागलेल्या घरांमध्ये व्होल्टेजचा समतोल बिघडतो. एका घरात दिवे मंद होतात, तर दुसऱ्या घरात भगभगीत पेटतात आणि टीव्ही, फ्रीज जळू शकतात. अशा वेळी टेस्टर बघण्यात वेळ घालवू नका, कारण १५० व्होल्टला आणि ३५० व्होल्टलाही तो पेटतोच. मुख्य स्विच बंद करा आणि वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

बंद वायरवर टेस्टर मंद का पेटतो?

कधी याच्या उलट होतं. दोन्ही टोकांनी सुटी असलेली, कशालाही न जोडलेली वायर असते, तरी तिच्यावर टेस्टर हलकासा पेटतो. भिंतीतल्या एकाच पाईपमधून ती वायर चालू फेजच्या शेजारून कित्येक मीटर गेलेली असते. दोन वायर आणि मधलं प्लास्टिक यांचाही कपॅसिटर बनतो आणि चालू वायरचं थोडं व्होल्टेज सुट्या वायरवर उमटतं. निऑनला फार थोडा करंट पुरतो, त्यामुळे तो फसतो.

या वायरवर बल्ब जोडला तर तो पेटणार नाही, कारण व्होल्टेजच्या मागे ताकद नसते. अडचण अशी की अंधुक दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. वायर खरोखर बंद असून शेजारच्या वायरमुळे दिवा लागतोय, किंवा वायर पूर्ण चालू आहे पण तुम्ही स्टुलावर उभे आहात. टेस्टर दोन्हींना सारखाच उजेड देतो. म्हणून मंद दिव्याचा अर्थ नेहमी 'चालू' असाच घ्यावा.

'बीप' करणारा पेन टेस्टर जास्त भरवशाचा आहे का?

वायरला न टोचता, प्लास्टिकवरूनच वीज ओळखणारा पेन आता हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. त्याच्या टोकात धातूची छोटी पट्टी असते. चालू वायरभोवती सतत बदलणारं विद्युत क्षेत्र असतं. ते या पट्टीवर अगदी सूक्ष्म व्होल्टेज उमटवतं, आतलं सर्किट ते वाढवतं आणि दिवा, आवाज सुरू होतो. पात्याला हात लागायची भीती नसते आणि शटरवाल्या सॉकेटवरही तो चालू शकतो. हे त्याचे मोठे फायदे.

पण फसण्याची कारणंही तिथूनच येतात. विद्युत क्षेत्र बाहेर आलंच नाही, तर पेनला काही कळत नाही. लोखंडी पाईपमधली वायर, वरून धातूचं आवरण असलेली आर्मर्ड केबल, भिंतीत खोल गेलेली वायर, या सगळ्यांवर पेन गप्प राहू शकतो, आत २३० व्होल्ट असले तरी. डीसीचं क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे सोलर पॅनलच्या वायरवर हा पेन काहीच दाखवत नाही. छतावरच्या पॅनलच्या साखळीत मात्र शेकडो व्होल्ट डीसी असू शकतात. बॅटरी उतरली असेल तरीही पेन गप्पच राहतो.

उलट बाजूने तो उगाचही वाजतो. एका बोर्डात पाच वायर असतील, तर चालू वायरशेजारच्या बंद वायरवरही बीप येतो. कपड्यावर घासला तरी काही पेन स्थिर विजेने वाजतात. काही पेनमध्ये १२ व्होल्टपासून पकडणारा जास्त संवेदनशील मोड असतो. घरच्या वायरिंगसाठी तो लावला, तर सगळा बोर्डच वाजायला लागतो. घरकामाला साधारण ९० व्होल्टच्या पुढे पकडणारा मोड वापरावा.

आणि दोन्ही टेस्टरची एक मर्यादा सारखीच आहे. दोघेही व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत ओळखतात. गणपतीच्या मांडवात किंवा शेतावर वापरायच्या काही छोट्या जनरेटरची कोणतीच वायर जमिनीशी जोडलेली नसते. तिथे दोन्ही वायरवर टेस्टर मंद पेटेल किंवा अजिबात पेटणार नाही. तरीही दोन्ही वायरना एकाच वेळी हात लागला, तर पूर्ण शॉक बसेल.

मग 'बंद आहे' हे कशावरून ठरवायचं?

निऑन टेस्टर आणि पेन, दोघांचा 'हो' कामाचा आहे. दिवा लागला किंवा बीप आला, तर हात लावू नका. त्यांचा 'नाही' मात्र पुरावा नाही. वायर बंद आहे हे सांगायला दोन टोकांचं साधन लागतं, जे तुमच्या शरीरावर अवलंबून नसतं. वायरमन यासाठी मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प वापरतात. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब आणि त्याच्या दोन वायर. फेज आणि न्यूट्रलमध्ये तो लावला आणि पेटला, तर दोन्ही वायर शाबूत आहेत. तो पेटला नाही, पण फेज आणि अर्थिंगमध्ये पेटला, तर न्यूट्रल तुटलेला आहे. शेजारच्या वायरमुळे उमटलेल्या फसव्या व्होल्टेजने हा बल्ब पेटत नाही. मात्र घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर अर्थिंगला बल्ब लावताच तो पडू शकतो, कारण ४० वॉटचा बल्बच १७० मिलीअँपिअर करंट घेतो. ही तपासणी उघड्या वायरवर करावी लागते, त्यामुळे ती वायरमनवरच सोडावी.

घरात स्वतः बल्ब होल्डर किंवा स्विच बदलणार असाल, तर फक्त एक एमसीबी पाडून थांबू नका. मुख्य स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा, कारण मुख्य स्विच बंद होताच इन्व्हर्टर स्वतःहून त्याच्या लाईनवर वीज सुरू करतो. कोणी नकळत स्विच पुन्हा चालू करू नये म्हणून घरातल्यांना सांगा आणि डीबीवर चिठ्ठी लावा. सगळीच लाईन बंद झाल्यामुळे टेस्टर पडताळायला चालू सॉकेट लागेल, ते जिन्यातलं किंवा शेजाऱ्यांचं वापरा. मग टेस्टर तिथे एकदा, तुमच्या बोर्डातल्या प्रत्येक वायरवर एकदा आणि पुन्हा तिथे एकदा लावा. यातल्या कुठल्याही वायरवर टेस्टर मंदसा जरी पेटला, तरी बोर्डाचं झाकण परत लावा आणि वायरमनला बोलवा.